मदत हवी आहे: स्पीड टेस्टसाठी जवळचा सर्व्हर निवडावा की लांबचा?

नमस्कार. नाशिकमधील आमच्या १०० एमबीपीएस फायबर जोडणीवर स्पीड टेस्ट आपोआप सेवादात्याचाच शहरातील सर्व्हर निवडते आणि ९५ दाखवते. मला मात्र रोज फ्रँकफर्टच्या सर्व्हरवर मोठ्या फाइल पाठवाव्या लागतात, म्हणून तिथला सर्व्हर निवडून पाहिला.

पिंग ४ ऐवजी १६० मिलिसेकंद येतो. पोच मिळेपर्यंत एक कनेक्शन ठरावीक डेटाच वाटेत ठेवू शकते. ती मर्यादा १ एमबी धरली, तर १६० मिलिसेकंदांच्या फेरीत वेग सुमारे ५० एमबीपीएसपुढे जात नाही. त्यामुळे ‘Single’ पर्यायावर ४५ आणि अनेक कनेक्शन एकदम उघडणाऱ्या ‘Multi’वर ९० येतात, हे पटते.

अडचण रात्रीची आहे. तेव्हा लॅपटॉप केबलने जोडूनही फ्रँकफर्टचा आकडा ‘Multi’वर ३०पर्यंत घसरतो, जवळचा मात्र ९५वरच राहतो. यावरून सेवादात्याची परदेशी जोडणी गर्दीने तुंबते असे म्हणता येईल, की तो चाचणी-सर्व्हरच त्या वेळी व्यग्र असेल? हे वेगळे ओळखण्यासाठी त्याच शहरातील दुसरा सर्व्हर पुरेसा ठरेल, की मुंबईचा, पण दुसऱ्या कंपनीचा सर्व्हरही तपासावा? तक्रारीसोबत कोणते आकडे जोडावेत, हेही जाणकारांनी कृपया सांगावे. जवळच्या सर्व्हरचा आकडा दाखवून तक्रार बंद केली जाते.