मदत हवी आहे: ६०:३०:१० चं प्रमाण बिघडलंय, नेमकी किती रक्कम हलवू?

सायलेंट_रीडर: इक्विटी फंड ६०, डेट (पीपीएफ धरून) ३०, गोल्ड ईटीएफ १० टक्के असं ठरवलं होतं. आज इक्विटी १६.८० लाख, डेट ५.२० आणि सोनं ३.०० लाख आहे, म्हणजे एकूण २५ लाख. प्रमाण किती ढळलंय आणि काय विकून कुठे टाकू?

खडूफळा: आजची टक्केवारी येते ६७.२, २०.८ आणि १२. ठरल्याप्रमाणे १५, ७.५० आणि २.५० लाख हवेत. म्हणजे इक्विटीतून १.८० आणि सोन्यातून ०.५० काढून डेटमध्ये २.३० लाख. पण सगळं हलवायलाच हवं असं नाही. मी मोठ्या हिश्श्याला ५ टक्क्यांची सूट देतो आणि छोट्या हिश्श्याला त्याच्या लक्ष्याच्या पावपट. सोन्याला ती २.५ होते, तुमचं सोनं दोननेच वर आहे. ते राहू द्या, इक्विटीतले १.८० तेवढे हलवा. डेट २८ वर येईल.

पुणेरी_मिसळ: विकायचं कशाला? कर लागतो. नव्या बचतीतून २.३० लाख डेटमध्ये टाका, झालं बरोबर.

खडूफळा: अगदी बरोबर नाही होत, कारण एकूण रक्कमही वाढून २७.३० होते. इक्विटी ६१.५, डेट २७.५, सोनं ११ राहील. तरी पुरेसं जवळ आहे, म्हणून बचत असेल तर हाच मार्ग चांगला. फक्त पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखच भरता येतात, उरलेले डेट फंडात किंवा एफडीत टाकावे लागतील. विकायचंच असेल तर एसआयपीतली सर्वांत जुनी युनिटं आधी विकली जातात आणि कर फक्त नफ्यावर असतो. वर्ष उलटलेल्या युनिटांवरचा नफा आर्थिक वर्षात १.२५ लाखापर्यंत असेल तर कर नाही, त्यापुढे १२.५ टक्के.

मोगरा७८: माझ्याकडे स्मॉलकॅप फार झालंय, लार्जकॅपमध्ये वळवू का?

खडूफळा: तो इक्विटीच्या आतला हिशोब झाला, त्यासाठी वेगळा धागा काढा. सायलेंट, तुमचा ईपीएफ यात धरलाय का?

सायलेंट_रीडर: नाही. त्यात साधारण ४ लाख आहेत.

खडूफळा: मग थांबा. तो डेटमध्ये धरला तर एकूण २९ लाख होतात आणि प्रमाण ५७.९, ३१.७, १०.३ येतं. काहीच हलवायची गरज नाही!

पुणेरी_मिसळ: ईपीएफ धरू नये. नोकरीत असताना तो हवा तेव्हा हाताशी येत नाही, बाजार पडला तर त्यातून इक्विटी कशी घेणार?

खडूफळा: पैसा निवृत्तीसाठीच असेल तर मी धरतो, पण तुमचा मुद्दाही खरा आहे. पीपीएफही तसाच अडकलेला असतो, तो धरायचा आणि ईपीएफ नाही, हे मात्र मला पटत नाही. सायलेंट, ६०:३०:१० ठरवताना ईपीएफ डोक्यात होता का?

सायलेंट_रीडर: तेव्हा विचारच केला नव्हता. तूर्त काही विकत नाही. यंदाची बचत डेटमध्ये टाकतो आणि ईपीएफ धरून एक, न धरून एक अशा दोन्ही टक्केवाऱ्या मांडून ठेवतो.