अनुभव धागा: फोनचा इंग्रजी मेनू भाषांतर अ‍ॅपने वाचताना

जुळेसोलापूरकर
आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात पुढच्या रविवारी तासभर बोलायचंय. फोनवरचा इंग्रजी मेनू भाषांतर अ‍ॅपने कसा वाचायचा आणि त्या नादात गोत्यात कसं यायचं नाही, हा विषय. बहुतेकांकडे अँड्रॉइड आहे. असे वर्ग घेणाऱ्यांनी नेमकं लिहा: काय दाखवावं, लोक कुठे अडतात? तंत्रज्ञानाचं महत्त्व वगैरे अध्यक्ष बोलतीलच, ते नको.

सातरस्ता_शिकवणी
पहिल्या पाच मिनिटांत हमखास हे होतं. मंडळी गूगल ट्रान्सलेटचा कॅमेरा उघडतात आणि मग विचारतात, वाचायचं तर याच फोनवर आहे, आता कॅमेरा धरू कुठे? म्हणून सुरुवात स्क्रीनशॉटपासून करा. पॉवरचं बटण आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबून लगेच सोडायचं. धरून ठेवलं तर काही फोनवर बंद करायचा मेनू येतो आणि लोक घाबरतात. थरथरत्या हातांना हे जमत नसेल तर वरून पट्टी खाली ओढा, बऱ्याच फोनमध्ये तिथे स्क्रीनशॉटचं चित्र असतं.

मग ट्रान्सलेट उघडून कॅमेऱ्यात जायचं, गॅलरीचं छोटं चित्र दाबायचं आणि आत्ताचा फोटो निवडायचा. वर डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी आहे ना, ते बघायचं. भाषा ओळखायचं काम अ‍ॅपवर सोडू नका. मेनूत दोन-दोन शब्दच असतात, तेवढ्यावरून ते चुकू शकतं.

नवीपेठ_रिपेअर
एवढा खटाटोप कशाला? Settings मध्ये System, त्यात Languages, मराठी टाकून ओढून सगळ्यात वर न्यायची. अख्खा फोन मराठी. विषय संपला की.

सातरस्ता_शिकवणी
निम्मा संपला. फोनचा स्वतःचा मेनू मराठी होतो, पण ज्या अ‍ॅपमध्ये मराठी दिलेलीच नाही ते इंग्रजीच राहतं. शिवाय सगळ्या कंपन्यांच्या फोनमध्ये ती वाट सारखी नसते, कुठे ती Additional settings च्या पोटात असते. भाषा बदलायचीच असेल तर परतीची वाट आधी कागदावर लिहून द्या: कितव्या ओळीत, कोणतं चित्र. नाहीतर मदतीला आलेल्या नातवालाही त्या मराठी मेनूत काही सापडत नाही.

निवृत्त_कॅशियर
वर्गात एकच उदाहरण पूर्ण करून घ्यायचं तर जागा भरल्याचं घ्या. 'फोन फुल झालाय' ही तक्रार निम्म्या सभागृहाची असते. व्हॉट्सअ‍ॅपच्या चित्रावर बोट दाबून धरायचं, App info मध्ये जायचं, तिथून Storage. अनेक फोनवर तिथे शेजारीशेजारी दोन बटणं दिसतात: Clear storage आणि Clear cache. काही फोनवर पहिल्याचं नाव Clear data असतं. भाषांतरात दोन्ही जवळपास सारखीच वाचली जातात, काहीतरी 'साफ करा'. परिणाम मात्र फार वेगळा. Clear cache ने तात्पुरता साठा जातो, तो अ‍ॅप पुन्हा जमवतं. Clear storage ने व्हॉट्सअ‍ॅप नवं घातल्यासारखं कोरं होतं, नंबर पुन्हा नोंदवावा लागतो, आणि बॅकअप नसेल तर जुन्या गप्पा गेल्या.

म्हणून बटणाच्या भाषांतरावर निर्णय घ्यायचा नाही. मोठं काही पुसण्याआधी फोन सहसा एक चौकट दाखवतो, त्यात पूर्ण वाक्य असतं. त्या चौकटीचा स्क्रीनशॉट घ्या आणि ते वाक्य भाषांतरित करा. सुट्या शब्दापेक्षा वाक्याचं भाषांतर बरंच नीट येतं, कारण आगापिछा असतो. त्यात 'कायमचे' किंवा 'सर्व डेटा' असं आलं तर Cancel दाबून थांबायचं आणि कुणाला तरी दाखवायचं.

नवीपेठ_रिपेअर
हे पटलं. दुकानात 'गप्पा परत आणा' म्हणत येणारे निम्मे याच बटणाचे.

होटगीरोड_आजोबा
बँकेला फोन लावला की बाई इंग्रजीत मेनू वाचते, एक दाबा, दोन दाबा. आकडा दाबेपर्यंत ती पुढे गेलेली असते. अ‍ॅप तिचं भाषांतर करेल का?

निवृत्त_कॅशियर
आजोबा, इथे स्क्रीनवरच्या मेनूचं चाललंय. पण बँकेच्या फोनवर बहुधा सुरुवातीलाच भाषा निवडायला सांगतात, तेवढं नीट ऐका. अ‍ॅप मध्ये घालू नका, कारण त्या फोनवर कार्डाचे आकडे बोलावे किंवा दाबावे लागतात.

जुळेसोलापूरकर
बँकेच्या अ‍ॅपचं काय सांगू? लोकांना वाचायचं नेमकं तेच असतं.

निवृत्त_कॅशियर
बऱ्याच बँकांच्या अ‍ॅपमध्ये स्क्रीनशॉट निघतच नाही. काळा फोटो येतो नाहीतर नकाराचा संदेश. अ‍ॅपने मुद्दाम घातलेलं ते कुंपण आहे, फोन बिघडलेला नाही. त्यावर लोक उपाय काढतात शेजाऱ्याच्या फोनने फोटो घ्यायचा. मग तुमचा खाते क्रमांक आणि शिल्लक त्याच्या गॅलरीत. तसला पडदा शाखेत जाऊन वाचून घ्या. ओटीपी, पिन, कार्ड दिसणारं काहीच भाषांतराला द्यायचं नाही. आणि वाक्य कितीही गोड भाषांतरित झालं तरी पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही.

डेटा_जपून
भाषा आधी डाउनलोड करून ठेवली की काही बाहेर जातच नाही. सगळ्यांना तेच करायला लावा.

सातरस्ता_शिकवणी
डाउनलोड जरूर करा, सभागृहात नेट नसेल तर उपयोग होईल. पण नेट चालू असताना अ‍ॅप ते वापरणार नाही असं गृहीत धरू नका. खात्री हवी तर विमान मोड लावून करून बघा. फोटोतलं मराठी तसं येतं का, हे रविवारआधीच तपासा.

दुसरं, स्क्रीनशॉट गॅलरीतच पडून राहतो. गूगल फोटोजला स्क्रीनशॉटचा फोल्डर जोडलेला असेल तर त्याची प्रतही वर जाते. वाचून झालं की पुसायचं. तिथल्या कचरापेटीत बॅकअप झालेला फोटो 60 दिवस राहतो, न झालेला 30. म्हणून पेटीही रिकामी करायची.

नवीपेठ_रिपेअर
माझ्या टेबलावरचं सांगतो. खरा धोका ट्रान्सलेटपेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या 'मराठी भाषांतर' नावाच्या apk फाईलचा. असं अ‍ॅप घातलं की ते Accessibility ची परवानगी मागतं. 'पडद्यावरचं वाचून मराठीत दाखवतो' हे कारणही पटण्यासारखं. पण ती परवानगी असलेलं अ‍ॅप बँकेच्या अ‍ॅपमधलंही वाचू शकतं, तुमच्या नावाने बटणंही दाबू शकतं. अँड्रॉइड 13 पासून बाहेरून घातलेल्या अ‍ॅपला ही परवानगी देताना Restricted setting असा अडसर येऊ शकतो. फोनवरचा गोड माणूस मग Allow restricted settings कुठे दाबायचं ते पायरीपायरीने सांगतो. हा शब्द दिसला की फोन ठेवा. अ‍ॅप प्ले स्टोअरमधूनच, आणि नावाखाली Google LLC बघून. पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन लावा.

पूर्वभाग_वाचनालय
आमच्याकडे निम्मे आजीआजोबा घरी तेलुगू बोलतात, काही कानडी. वाचायला कुणाला मराठी सोपी, कुणाला तेलुगू. एकच भाषा सगळ्यांना लावली तर पंचाईत.

जुळेसोलापूरकर
खरंय, हे डोक्यात नव्हतं. भाषा ट्रान्सलेटमध्ये ज्याची त्याने निवडावी की वर्ग मराठीतच घ्यावा?

पूर्वभाग_वाचनालय
इंग्रजीतून थेट तेलुगू किंवा कानडी घ्या, मराठीतून फिरवू नका, चूक दुप्पट होते. पण मग चौकटीतलं वाक्य तुम्ही तपासणार कसं? आम्ही तेलुगू वाचणारी एक बाई सोबत बसवतो. कानडीचं अजून जमलेलं नाही.

नवीपेठ_रिपेअर
कानडीवाला मुलगा आहे दुकानात. वेळ कळवा, पाठवतो.