मदत हवी आहे: कोल्ड स्टोरेजच्या डॅशबोर्डचे रंग, मोबाइलसाठी

नमस्कार मंडळी, दिंडोरीला आमचं द्राक्षाचं कोल्ड स्टोरेज आहे, चार खोल्यांचं टेंपरेचर आणि ह्युमिडिटी मोबाइलवर दिसते. पण रात्रपाळीच्या काकांना लाल-हिरवा वेगळा ओळखता येत नाही, त्यांना दोन्ही मातकटच दिसतात, आणि नेमके अलर्ट त्याच दोन रंगांत.

म्हणून नवीन स्क्रीन करतोय. खोलीमागे एकच मोठा आकडा, टेंपरेचर, बाकी सगळं टॅप केल्यावर. ठीक असेल तर निळा #0072B2 आणि गोल, बिघडलं तर केशरी #D55E00, त्रिकोण आणि सोबत शब्द, म्हणजे रंग नाही कळला तरी आकार कळतो. ॲंड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शनमध्ये मोनोक्रोमसी लावून बघितलं तर दोन्ही करडे जवळपास सारखेच वाटतात, त्यामुळे आकार काढून चालणारच नाही.

आता अडलंय इथे: माल शून्य अंशाच्या आसपास ठेवतो, तापलं तर मणी मऊ पडतात आणि फार खाली गेलं तर गोठतात, काम मात्र दोन्हीला उलटं. दोन्ही अलर्ट केशरीच ठेवून फक्त वर-खाली बाण द्यावा, का गार झाल्याला तिसरा रंग? निळा तर ‘ठीक’ला गेलाय. कोणी असं केलंय का?