मदत हवी आहे: कथेतील अंगाईच्या कॅसेटची दुरुस्ती पटण्याजोगी आहे का?

माझ्या लघुकथेतील नात आजीने गायलेल्या अंगाईची खराब झालेली कॅसेट दुरुस्त करते आणि त्या कामाचे तपशील खरे असावेत, यासाठी मला ध्वनिमुद्रणाच्या जाणकारांची मदत हवी आहे.

आवाज दबलेला येतो, म्हणून ती आधी प्लेअरच्या हेडचा स्क्रू हळूहळू फिरवून ‘स’, ‘श’ स्पष्ट होईपर्यंत कोन जुळवते आणि मगच ध्वनिमुद्रण संगणकावर घेते. फितीवरून जे उचललेच गेले नाही, ते नंतर कोणत्याही फिल्टरने परत येत नाही. विजेची घरघर ५० हर्ट्झवर आणि तिच्या पटींवर आहे, तर आजीचा एक स्वर नेमका २०० हर्ट्झजवळ लागतो. तेथे रुंद फिल्टर लावताच तो स्वर पोकळ होतो, त्यामुळे तेवढी घरघर ती राहू देते.

खरी अडचण पुढे आहे. शेवटच्या ध्रुवपदात फितीचा थर झडल्याने एक शब्द गेला आहे. पहिल्या ध्रुवपदातील तोच शब्द तेथे बसवावा असे तिला वाटते. परंतु बाळ झोपू लागल्यामुळे आजीने तोवर लय संथ केली आहे आणि स्वरही किंचित उतरला आहे. शब्द ताणून आणि उतरवून जोडला, तर सांधा कानाला कळेल का? मागचा खरखराट जुळवण्यासाठी ती काय करील? की जाणकार माणूस ती जागा रिकामीच ठेवील?