शब्दचर्चा: ‘आयडियल कस्टमर प्रोफाइल’ला मराठीत काय म्हणावे?

चौकस: आम्ही जॉबवर्कच्या, म्हणजे बाहेर कामाला पाठवलेल्या मालाच्या, चलनांचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर विकतो. विक्रीचे ईमेल लिहायच्या आधी ‘आयडियल कस्टमर प्रोफाइल’ ठरवा, असे सगळे सांगतात. ‘आदर्श ग्राहक’ म्हणावे का?

शब्दवेडा: ‘आदर्श’ नको, त्यात सद्गुणी माणूस डोळ्यापुढे येतो. ‘लक्ष्य ग्राहक’ म्हणा. परचेस मॅनेजर, वय चाळीस, दोन मुले, असे वर्णन लिहायचे.

लेथवाला: ‘आदर्श’बद्दल पटले, पण तुमचे वर्णन व्यक्तीचे झाले. कारखान्याला विकताना आधी कारखाना ठरतो, मग त्यातला माणूस. ‘लक्ष्य’ही ढोबळ आहे, त्यात अख्खी भोसरी मावते. मी ‘नेमका ग्राहक’ म्हणेन.

चौकस, तुमचे चलन फाडतो कोण? माल बाहेर पाठवणारा. अशा मालाचा जीएसटीचा फॉर्म, ITC-04, त्यालाच भरावा लागतो, जॉबवर्करला नाही. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर सहामाही, नाहीतर वर्षातून एकदा. कच्चा माल वर्षभरात परत आला नाही, तर पाठवला त्या दिवशीच विकला असे धरून कर लागतो. म्हणजे नेमका ग्राहक असा: मशिनिंग घरात, प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंट बाहेर, उलाढाल ५ कोटींच्या वर, चलनांचा हिशेब एक्सेलमध्ये. वेबसाइटवरची मशीनची यादी वाचा. सीएनसी आहेत पण प्लेटिंगची टाकी नाही, तर माल बाहेर जातो असा अंदाज बांधता येतो.

चौकस: आम्ही तर प्लेटिंगवाल्यांनाच लिहीत होतो! उत्तर यायचे, ‘हे आमचे सीए बघतात.’

लेथवाला: ते उत्तर म्हणजे माणूस चुकला. मजकूर कितीही घासला तरी फरक पडणार नाही. उत्तरच आले नाही तर मात्र काही ठरवता येत नाही, कदाचित पत्ताच चुकीचा असेल.

जे ग्राहक सवलत न मागता दुसऱ्या वर्षीही राहिले, त्यांची यादी काढा. पहिला फोन कोणी केला, त्याआधी काय बिघडले होते, तेवढेच लिहा. सोडून गेलेल्यांचीही काढा, कोणाला लिहायचे नाही ते त्यातूनच कळते. मग पहिली ओळ अशी होते: ‘प्लेटिंगला गेलेल्या मालातला किती अजून परतला नाही, हे २५ ऑक्टोबरच्या ITC-04 आधी चलनवार दिसेल.’ ही ओळ स्टोअर्स किंवा अकाउंट्सच्या माणसाला. मालकाला वेगळी लागेल.

कोकणी मेवा: आमचे आंबा पल्प युनिट आहे. आमचा नेमका ग्राहक म्हणजे आइस्क्रीमवाले सगळे?

लेथवाला: ‘सगळे’ आले की नेमकेपणा गेला. एका वेळी किती डबे घेतात आणि वर्षभर घेतात की फक्त उन्हाळ्यात, तिथून सुरुवात करा.

शब्दवेडा: ‘नेमका ग्राहक’ बोलायला ठीक. पण ‘प्रोफाइल’ राहिलेच की. ‘ग्राहकवर्णन’?

लेथवाला: कारखान्यात कोणी म्हणणार नाही.