मदत हवी आहे: टूलरूममधील गुरूंना पाठवायच्या भेटीसोबतचे पत्र

कानसवाला

नमस्कार. आयटीआयमधून फिटर होऊन 2003 साली मी चिंचवडच्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागलो, तेव्हा टूलरूमचे प्रमुख असलेल्या तात्यांनी मला हाताशी धरून काम शिकवले. सगळा कारखाना त्यांना तात्याच म्हणत असे. आता मी नाशिकला एका कारखान्याच्या मापन विभागात आहे. तात्या निवृत्त होऊन सांगलीजवळ राहतात आणि जुनी भिंतीवरची घड्याळे दुरुस्त करण्यात वेळ घालवतात, असे एका सहकाऱ्याकडून कळले. म्हणून घड्याळदुरुस्तीच्या बारीक स्क्रूड्रायव्हरांचा एक चांगला संच आणि डोळ्याला लावायचे भिंग घेऊन ठेवले आहे.

अडचण पत्राची आहे. तात्या कोणाकडून काही घेत नसत; कोणी पेढे आणले तर तो पुडा तसाच टूलरूमभर फिरे. पत्र असे हवे की भेट परत येऊ नये आणि त्यांना अवघडही वाटू नये. पहिला मसुदा देतो:

"परमपूज्य गुरुवर्य तात्यासाहेब, आपल्या चरणी कोटी कोटी प्रणाम. इतकी वर्षे पत्र लिहिले नाही, फोनही केला नाही, याबद्दल क्षमा मागतो. संसाराच्या आणि नोकरीच्या धावपळीत राहून गेले, तरी आपली आठवण रोज येते. आपल्या अमूल्य मार्गदर्शनामुळेच आज मी जो काही आहे तो आहे. पोलाद तापले की वाढते, 100 मिलिमीटरचा तुकडा 10 अंशांनी तापला तर सुमारे 0.011 मिलिमीटरने लांब होतो, म्हणून अचूक मोजमापे 20 अंश सेल्सिअसला धरतात, हे ज्ञान तुम्ही मला दिले. सोबत एक छोटीशी भेट पाठवत आहे. ती गोड मानून घ्यावी ही नम्र विनंती."

वाचताना हे मलाच परके वाटते, पण नेमके काय बदलावे ते कळत नाही.

वाटसरू

आपली भावना स्तुत्य आहे. मानपत्राची एक ठरलेली रीत असते. आरंभी सत्कारमूर्तींचे जन्मगाव आणि शिक्षण, मग कार्याचा आढावा, शेवटी दीर्घायुष्याची प्रार्थना. शाल व श्रीफळ देण्यापूर्वी ते मोठ्याने वाचून दाखवावे आणि चौकटीत बसवून द्यावे. कार्यक्रम कोठे आहे?

कानसवाला

कार्यक्रम नाही. पार्सलमधून जाणारे खाजगी पत्र आहे. सत्कार म्हटले तर तात्या घरी सापडणार नाहीत.

मंजिरी_लेखनिक

मसुदा परका वाटतो याचे कारण असे, की त्यातली जवळजवळ सगळी वाक्ये कोणत्याही शिष्याला कोणत्याही गुरूस लिहिता येतील. जे एक वाक्य फक्त तुमचे आहे, ते पोलादाच्या तुकड्याचे, आणि नेमके तेच चुकीच्या बाजूने लिहिले गेले आहे. पोलाद किती वाढते हे तात्यांना ठाऊक आहे. त्यांनीच ते तुम्हाला सांगितले. ज्याने शिकवले त्यालाच तो धडा आकड्यांसह परत म्हणून दाखवला, की पत्र परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसारखे होते. त्यांना ठाऊक नसलेली गोष्ट वेगळी आहे: त्या शिकवणुकीचे पुढे काय झाले. तात्या तेव्हा प्रत्यक्ष काय करत असत आणि आज तुमच्या विभागात त्यातले काय चालू आहे, एवढे लिहिलेत तर "आपल्यामुळेच मी आहे" हे वाक्य लागणारच नाही. शिवाय ते वाक्य ऐकणाऱ्याला अवघड करते, कारण त्यावर "छे छे" म्हणण्यापलीकडे काही बोलता येत नाही.

क्षमायाचनेला तुम्ही दोन वाक्ये दिली आहेत आणि दुसऱ्यात कारणेही जोडली आहेत. एक वाक्य ठेवा आणि कारण देऊ नका. कारण वाचले की त्यांना तुमची समजूत घालावीशी वाटेल, आणि आभाराचे पत्र तेवढ्यासाठी नसते.

मसुद्यात "आपण" आणि "तुम्ही" यांची सरमिसळ झाली आहे. टूलरूममध्ये ज्या रूपात बोलत होतात तेच शेवटपर्यंत ठेवा.

"छोटीशी भेट" हा शब्दप्रयोगही काढाच. आयुष्यभर हत्यारे हाताळलेल्या माणसाला त्या संचाची किंमत डबा उघडताच कळेल, आणि मग बाकीच्या पत्रातही औपचारिकपणाच दिसू लागेल. पेढ्यांची गोष्ट तुम्ही सांगितलीत, तीच उपयोगी आहे. जो माणूस मिळालेली वस्तू वाटून टाकतो, त्याला ती वाटून टाकण्याची मोकळीक पत्रातच द्यावी. मग परत पाठवण्याचे कारण उरत नाही.

दत्ता_ना

मंजिरीताईंशी सहमत आहे, पण मायन्याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. वडीलधाऱ्यांना "तीर्थरूप" लिहिणे हीच आपली पद्धत आहे. मायन्याखाली "शि. सा. नमस्कार" आणि शेवटी "आपला आज्ञाधारक" असावे. "कोटी कोटी प्रणाम" हे भाषणातले आहे, पत्रातले नाही.

मंजिरी_लेखनिक

प्रणामाबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे आणि "शि. सा. नमस्कार" येथे शोभेल. मात्र "तीर्थरूप" हे स्वतःच्या आईवडिलांना लिहितात. त्यांच्या ठिकाणी मानलेल्या व्यक्तीस "तीर्थस्वरूप" लिहावे, असा जुना संकेत आहे. "आज्ञाधारक" मला शाळेतल्या रजेच्या अर्जाची आठवण करून देते, पण ती माझी आवडनिवड झाली. "गुरुवर्य तात्यासाहेब" मात्र नकोच. ज्यांना सगळे तात्या म्हणत, त्यांनी ते वाचले तर पत्र दुसऱ्या कोणाचे तरी आले असे त्यांना वाटेल.

निवृत्त_मास्तर

मी शाळेत शिकवत होतो, कारखान्यात नाही; पण अशी पत्रे मला आलेली आहेत. एका माजी विद्यार्थ्याने मनगटी घड्याळ पाठवले आणि सोबतच्या पत्रात लिहिले, "आपण मला ओळखले असेलच." मी ओळखले नव्हते. त्याच नावाची तीन मुले माझ्या हाताखालून गेली होती. पत्र अतिशय सुंदर होते, परंतु त्यातला प्रसंग कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या वर्गाचा हे कोठेच नव्हते. उत्तर लिहायला बसलो तर नेमके कोणाला लिहितो आहे हेच ठरेना, म्हणून चार ओळी मोघम लिहून पाठवल्या. त्याचे मला अजून वाईट वाटते.

तात्यांच्या हाताखालून किती शिकाऊ मुले गेली असतील, याचा विचार करा. वर्ष, तुमचे बाक कोठे होते, सोबत कोण होते, हे पहिल्या दोन ओळींत येऊ द्या. ओळखण्याची जबाबदारी म्हाताऱ्या माणसावर टाकू नये.

पत्र हाताने लिहावे, मात्र अक्षर मोठे आणि ओळींत अंतर ठेवून. भिंगाच्या संदर्भात त्यांच्या डोळ्यांचा उल्लेख, काळजीपोटी असला तरी, करू नका.

जुना_टपालवाला

टपाल खात्यात नोकरी झाली, म्हणून एवढेच सांगतो. आमच्या वेळच्या नियमांनुसार पार्सलमध्ये ते ज्याच्या नावे आहे त्याच्यासाठी एक खाजगी पत्र ठेवता येत असे. तरी बंद करण्यापूर्वी खिडकीवर विचारून घ्यावे. पत्र डब्याच्या तळाशी किंवा कागदाच्या बोळ्यांत ठेवू नका. ते वेष्टनासोबत केरात जाते. वेगळ्या पाकिटात घालून हत्यारांच्या पेटीच्या झाकणावर चिकटवा. वेगळे पाठवायचे असेल तर रजिस्टर्ड पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, म्हणून स्पीड पोस्टच करावे लागेल. माझ्या मते पत्र दोन दिवस आधी पोचलेले बरे. अनपेक्षित पार्सल घ्यायला वयस्क माणसे बिचकतात.

मंजिरी_लेखनिक

एरवी मान्य केले असते. पण येथे पत्र आधी गेले तर तात्या फोन करून "काही पाठवू नकोस" म्हणतील, किंवा पार्सल दारातूनच परत करतील. पत्र भेटीसोबतच जावे.

कानसवाला

सर्वांचे आभार. दुसरा मसुदा असा झाला आहे:

"तीर्थस्वरूप तात्यांस, शि. सा. नमस्कार.

2003 च्या तुकडीत सरफेस ग्राइंडरच्या शेजारी खिडकीजवळच्या बाकावर जो फिटर होता, तो मी. माझ्याबरोबर इस्लामपूरचा एक मुलगा होता, जो जेवणाच्या सुट्टीतही कानस सोडत नसे. इतकी वर्षे पत्र लिहिले नाही, याबद्दल क्षमा असावी.

ग्राइंडिंगवरून आलेला तुकडा तुम्ही आमच्या हातातून काढून घेत होतात, पुसून सरफेस प्लेटवर ठेवत होतात आणि मायक्रोमीटर स्वतःच्या खिशात टाकत होतात. तुम्ही चहा पिऊन परत येईपर्यंत कोणाला माप घेता येत नसे. कारण तुम्ही फार दिवसांनी सांगितलेत. तोवर आम्हाला ती शिस्तच वाटत होती.

सध्या मी नाशिकला मापन विभाग पाहतो. आमची खोली वातानुकूलित आहे, तरीही बाहेरून आलेला तुकडा लगेच मोजू देत नाही. तो प्लेटवर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबावे लागते. नवी मुले कंटाळतात. त्यांच्यापैकी दोघीजणी आता मी न सांगताही थांबतात, आणि घाई करणाऱ्या सुपरवायझरला कारणही सांगतात. हे तुम्हाला कळावे म्हणून हे पत्र.

तुम्ही घड्याळे दुरुस्त करता असे कळले. सोबतची हत्यारे त्या कामासाठी आहेत. तुमच्याकडे अशी असतील, तर तुमच्याजवळ काम शिकायला येणाऱ्या कोणाला द्यावीत. मला उत्तर लिहिण्याची तसदी घेऊ नये. खाली फोन क्रमांक आहे.

काकूंना नमस्कार सांगावा. कळावे,
तुमचा विद्यार्थी"

एक शंका उरली आहे. काकूंची तब्येत तेव्हाही बरी नसे, आणि त्या आज आहेत की नाहीत हे मला माहीत नाही. सहकाऱ्यालाही नक्की सांगता येईना. ती ओळ ठेवू का?

दत्ता_ना

ठेवा. नमस्कार न सांगणे हा उद्धटपणा दिसेल.

निवृत्त_मास्तर

असहमत. माझी पत्नी गेल्यावर तीन वर्षांनी आलेल्या पत्रात तिला नमस्कार होता. लिहिणाऱ्याचा दोष नव्हता, परंतु पुढचे पत्र मी त्या दिवशी वाचले नाही. "घरातील सर्वांना नमस्कार" लिहिल्याने कोणाचाही अवमान होत नाही. तरी आधी सांगलीतल्या कोणाकडून तरी माहिती काढावी. काकू असतील तर त्यांचा वेगळा उल्लेख हवाच.

मंजिरी_लेखनिक

मास्तरांचे म्हणणे योग्य आहे. मसुद्यात मी आणखी एकच बदल सुचवीन. "उत्तर लिहिण्याची तसदी घेऊ नये" आणि लगेच फोन क्रमांक, हे एकमेकांच्या विरुद्ध जाते. तसदीचे वाक्य काढा. क्रमांक सहीखाली असू द्या. त्यांना बोलावेसे वाटले तर ते बोलतील.

दत्ता_ना

तसदीचे वाक्य मला विनयाचे वाटते. मी ठेवले असते.

कानसवाला

तसदीचे वाक्य काढतो. काकूंबद्दल तुकडीतल्या त्या इस्लामपूरच्या मित्राचा क्रमांक शोधत आहे; तो सापडेपर्यंत पार्सल बंद करत नाही.