पाळी गेल्यावर भांग रुंदावलाय, औषध लावलं तर गळती वाढली. बंद करू का?

शुभा_५३: पाळी जाऊन दोन वर्षं झाली. भांग रुंदावत गेलाय, उन्हात टाळूची कातडी दिसते. कपाळावरची रेष मात्र होती तिथेच आहे. वेणीला रबराचे दोन वेढे पुरायचे, आता चार लागतात. केस हाताला कोरडे, बारीक लागतात. फेरिटिन, थायरॉइड नॉर्मल. स्किनच्या डॉक्टरांनी ५ टक्के मिनॉक्सिडिल फोम दिला, दिवसातून एकदा. महिना होत आला, तर कंगव्यात दुप्पट केस!

कांचनमाला: मला बाळंतपणानंतर असंच झालं होतं गं. आपोआप आले केस. काही लावू नकोस.

सदाफुली: इस्ट्रोजेन गेलं की पुरुषी हार्मोन वाढतात, म्हणून हे होतं. एचआरटी, म्हणजे हार्मोनचे उपचार घे, केस परत येतील.

निवृत्त_त्वचावाली: शुभाताई, एवढ्यात बंद करू नका. हे औषध मुळात गळायला आलेले केस आधी ढकलून देतं, म्हणून पहिले दोन महिने गळती वाढते. निकाल सहा महिन्यांनी बघायचा. दर महिन्याला त्याच खिडकीशी, तसाच भांग पाडून फोटो काढा. आरशावर विश्वास नको.

कांचन, बाळंतपणात केस एकदम गळतात, पण मुळं धड असतात. इथे मूळच आक्रसतं. प्रत्येक नवा केस आधीपेक्षा बारीक येतो आणि लवकर गळतो. म्हणून कंगव्यात फारसं न दिसताही भांग रुंदावतो. सदाफुली, पुरुषी हार्मोन वाढत नाहीत, इस्ट्रोजेन झपाट्याने उतरतं म्हणून त्यांचं पारडं जड होतं. बऱ्याच जणींचे ते रिपोर्ट नॉर्मलच येतात.

फोम केसांना नाही, भांग पाडून कातडीला लावा. कपाळावर ओघळला तर तिथे लव येते. आणि थायरॉइडची तपासणी केली तेव्हा केसांच्या गोळ्या चालू होत्या का? त्यातल्या बायोटिनने रिपोर्ट चुकतो.

रेवा_नागपूर: माझा भांग ठीक आहे, पण कपाळ मोठं होत चाललंय आणि भुवया विरळ झाल्यात. मीही हाच फोम आणू?

निवृत्त_त्वचावाली: नको, आधी डॉक्टरांना दाखव, लवकर. तो वेगळाच आजार असू शकतो. त्यात मुळाच्या जागी व्रण धरतो, तिथे केस परत येत नाहीत. तुझ्या बाबतीत वेळ महत्त्वाचा.

शुभा_५३: गोळ्या चालूच होत्या! त्या थांबवून तपासणी पुन्हा करते. पण मिनॉक्सिडिल जन्मभर लावायचं?

निवृत्त_त्वचावाली: उपयोग होतोय तोवर, हो. सोडलं की काही महिन्यांत परत पहिल्यासारखं. एचआरटी मात्र नुसत्या केसांसाठी कुणी देत नाही. अंगातून वाफा येत असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला.

सदाफुली: माझे एचआरटीनंतरच थांबले, काहीही म्हणा.